तो सगळ्यांशीच गोड बोलतो, मग माझ्याशी बोलतो ते काय? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे उत्तरं कोण देतंय ते कळेल. नागपूरच्या इतवारीत आमचं साडीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी थेट गादीवर, त्यामुळे अनोळखी बाईला पाच मिनिटांत मैत्रीण करायची कला मी दहाव्या वर्षीच शिकले. पुढे ती सवय दुकानापुरती राहिली नाही. आमच्या गल्लीत मला 'गोडबोली' म्हणत, आणि ते कौतुक नव्हतं. म्हणजे ज्या माणसाचं मन तुम्हाला ओळखायचंय, मी स्वतः त्याच जातीची आहे. गेली काही वर्षं ओळखीतले, ओळखीच्यांच्या ओळखीतले पोट्टे-पोट्ट्या हाच एक प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. तेच ते पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलं.

तो माझ्याशी इतकं लाडात बोलतो, कौतुक करतो, चिडवतो. हे सगळं उगाच कसं असेल?

उगाच नसतं. पण तुमच्यासाठीच असतं असंही नाही. आमच्या दुकानात एक जुना सेल्समन होता. कोणतीही बाई आली की पदर उलगडून म्हणायचा, "ताई, हा रंग तर तुमचीच वाट पाहून राहिला होता." खोटं बोलत नव्हता तो. त्या क्षणी त्याला खरंच वाटायचं की हा रंग ह्या ताईंना शोभेल. आणि पुढच्या पाच मिनिटांनी दुसऱ्या ताईंना तोच रंग शोभायचा, तेही तितकंच खरं.

लाघवी माणसाचं असंच असतं. समोरच्याला छान वाटायला लावणं ही त्याची श्वासासारखी सवय. लहानपणी घरातलं वातावरण निवळायला कामी आली असेल, कॉलेजात भाव मिळवून दिला असेल, काही का असेना. तुम्ही समोर असता तेव्हा त्याचं लक्ष खरंच तुमच्यावर असतं, म्हणूनच ते खोटं वाटत नाही. गडबड इथेच होते. आपण विचारतो, "हे खरं आहे का?" आणि उत्तर 'हो' येतं. विचारायला हवं ते वेगळंच: हे माझ्यापुरतं आहे का?

त्याच दुकानात दुसरीही एक गोष्ट होती. समोरच्या कपाटातल्या साड्या सगळ्यांना दाखवायच्या. पण आतल्या खोलीत, माळ्यावर, कापडात बांधलेले काही गठ्ठे असत. ते उतरवायचे म्हणजे शिडी लावा, धूळ झटका, गाठी सोडा, आणि गिऱ्हाईक गेल्यावर सगळं परत घडी करून वर चढवा. तो सेल्समन दिवसभर गोड बोलायचा, पण आतला गठ्ठा आठवड्यातून एखाद्याच बाईसाठी उतरायचा. बोलणं ऐकून तुम्हाला काही कळलं नसतं. शिडी कोणासाठी लागते ते बघितलं की कळायचं.

मग नेमकं बघायचं काय?

तो तुमच्याशी कसा वागतो हे बघणं थोडे दिवस थांबवा. तो इतरांशी कसा वागतो ते बघा. हे ऐकायला उलटं वाटतं, पण दुसरा मार्ग नाही. शांत, बुजऱ्या माणसाने तुम्हाला "आज छान दिसतेस" म्हटलं तर ती मोठी बातमी आहे, कारण तो एरवी कोणाला म्हणत नाही. गोडबोल्याने म्हटलं तर ते त्याचं 'गुड मॉर्निंग' आहे. वाक्य तेच, किंमत वेगळी, कारण मोजायची सुरुवात वेगळ्या जागेवरून करायची आहे.

हॅरल्ड केली नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली, आपण माणसाच्या वागण्याचं कारण कसं ठरवतो, याचा एक आराखडा मांडला होता. आपल्या कामाचा भाग एवढाच: एखादं वागणं एकाच व्यक्तीसमोर दिसतं की सगळ्यांसमोर, आणि तिच्यासमोर पुन्हा पुन्हा दिसतं की एकदाच? सगळ्यांसमोर दिसलं तर कारण त्याचा स्वभाव. एकीसमोरच, आणि वारंवार दिसलं, तर कारण ती.

प्रत्यक्षात असं करा. तुमच्यासारखीच दोन-तीन माणसं निवडा. तुमच्यासारखी म्हणजे त्याच वयाची, त्याच ग्रुपमधली, त्याच्याशी साधारण तितकीच ओळख असलेली. त्याच्या आत्याशी किंवा बॉसशी तुलना करून काही कळत नाही. मग दोन-तीन आठवडे फक्त नोंद ठेवा, मोबाईलमध्ये चार शब्द: काय केलं, कोणासोबत केलं. जे तुमच्यासोबतही झालं आणि त्यांच्यासोबतही, ते खोडून टाका. निर्दयपणे खोडा. शेवटी जे उरेल तेवढंच तुमचं.

दोन-तीन आठवडे कशाला? कारण लाघवी माणूस पाळीपाळीने एकेकावर चमकतो. ह्या आठवड्यात तुम्ही, पुढच्या आठवड्यात ऑफिसला नवीन आलेली मुलगी. चार दिवसांचा हिशोब केलात तर तुमची पाळी म्हणजेच प्रेम वाटेल.

डोळ्यांत बघणं, खांद्यावर हात, टोपणनाव, "तू नसलीस की करमत नाही", यांना काहीच किंमत नाही का?

त्याच्या बाबतीत जवळजवळ नाही. हे सगळं समोरच्या कपाटातलं. फुकट आहे, हाताशी आहे, आणि तो दिवसातून वीसदा करतो. टोपणनावाचं तर सोडाच; मी ज्यांना टोपणनावं ठेवली त्यातल्या निम्म्यांची खरी नावं मला आठवत नव्हती म्हणून ठेवली.

एखादं उदाहरण पूर्ण सांगा ना. असं तुकड्या-तुकड्यांनी कळत नाही.

सांगते. ज्या मुलीचं आहे तिने परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील काढलेत.

ती २६ वर्षांची, कस्तुरचंद पार्कजवळच्या एका खासगी ऑफिसात. तो त्याच ऑफिसात, दुसऱ्या विभागात. सात जणांचा ग्रुप, दर शनिवारी सकाळी तर्री पोहे खायला एकत्र. हा माणूस म्हणजे ग्रुपचा प्राण. ही पोचायला उशीर झाला की ओरडायचा, "अरे, हिरोइन आल्याशिवाय तर्रीले चव येत नाही!" तिच्या प्लेटमध्ये स्वतःच्या हाताने लिंबू पिळायचा. माझ्याकडे आली तेव्हा ती ह्या लिंबावरच अडकली होती. "ताई, लिंबू कोण पिळतं हो कोणाच्या प्लेटमध्ये?"

मी म्हटलं, तीन शनिवार फक्त लिंबू मोज. मोजलं. पहिल्या शनिवारी त्याने चौघांच्या प्लेटमध्ये पिळलं, त्यात एक ग्रुपमधला दाढीवाला पोट्टा. 'हिरोइन' तर अजून दोघी होत्या. कौतुक, चिडवणं, रात्रीचे मीम, वाढदिवसाचं लांबलचक स्टेटस, सगळं एकेक करून खोडलं गेलं. दुसऱ्या आठवड्यात ती रडवेली होऊन म्हणाली, "काहीच उरलं नाही."

एक गोष्ट उरली होती, आणि ती तिला महत्त्वाचीच वाटली नव्हती. ऑफिस सुटल्यावर दोघंही मेट्रो घेत. कस्तुरचंद पार्कहून ऑरेंज लाइन. तो पुढे जयप्रकाश नगरला उतरणारा, म्हणजे त्याला कुठेच बदलायची गरज नाही, बसल्या जागी घरी. ही सुभाष नगरची, म्हणून सीताबर्डीला उतरून अ‍ॅक्वा लाइन धरायची. नोंदीत तिने सहज लिहिलं होतं: "बर्डीला तोही उतरला, माझी गाडी येईपर्यंत गप्पा." असं त्या तीन आठवड्यांत पाच वेळा.

आता बघा. मिळालेली सीट सोडायची, उतरायचं, तिच्या प्लॅटफॉर्मपर्यंत जायचं, तिची गाडी गेली की परत येऊन आपल्या पुढच्या गाडीची वाट बघायची, आणि बहुतेक उभ्याने घरी जायचं. ही शिडी आहे.

पण मी तिला तिथेच नाचू दिलं नाही. कारण त्याला सवयच असेल तर? बर्डीवर चहा प्यायला उतरत असेल तर? तर दोन गोष्टी तपासायला सांगितल्या. ग्रुपमधली अजून एक मुलगी लोकमान्य नगरकडे राहते, म्हणजे तिलाही बर्डीलाच गाडी बदलावी लागते. अगदी तीच परिस्थिती, फक्त माणूस वेगळं. तिच्यासोबत असला की काय करतो? उत्तर मिळालं: डब्यातूनच हात हलवतो, आणि गोड काहीतरी ओरडतो. दुसरं, ही सुट्टीवर होती त्या दोन दिवशी तो बर्डीला उतरला का? नाही उतरला.

म्हणजे वीस-बावीस नोंदींमधून एक उरली, पण ती सगळ्या परीक्षांतून उरली. तिथे महागडं असं काही नव्हतं, रोमँटिक तर मुळीच नाही. ती मला म्हणाली, "पण बर्डीवर तर तो लयच साधं बोलतो. चिडवत नाही, काही नाही. मला वाटायचं कंटाळतो." ह्या वाक्याकडे पुढच्या उत्तरात येते. पुढे काय झालं ते त्याच्याही नंतर.

एकटे असलो की तो वेगळाच होतो, गप्प होतो. म्हणजे रस नाही ना?

उलट होऊ शकतं, आणि गोडबोल्या माणसाच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त लक्ष इथे देते. त्याची मोहिनी हा एक प्रयोग असतो, आणि प्रयोगाला प्रेक्षक लागतात. ग्रुपमध्ये तुम्हाला चिडवताना तो निम्मा वेळ बाकीचे हसतायत का ते बघत असतो. एकदा डोळे कुठे जातात ते बघा.

प्रेक्षक गेल्यावर तीन गोष्टी होतात. काही जणांचं तेच चालू राहतं, कारण तुम्हीच प्रेक्षक. काही जण मोबाईल काढतात. त्यांचं काम संपलं. आणि काही जण हळू होतात, अडखळतात, नेहमीचा विनोद तोंडाशी येऊन गिळतात. हा तिसरा प्रकार बघण्यासारखा असतो. ज्याला शब्दांची कधीच अडचण पडली नाही, त्याला तुमच्यासमोर शब्द सापडत नसतील तर नेहमीची हत्यारं वापरायला तो कचरतोय, एवढं नक्की. का कचरतोय ते मात्र लगेच ठरवू नका. कधीकधी माणूस खरंच थकलेला असतो. पुन्हा तेच: इतरांसोबत एकटा असताना कसा असतो?

त्याला माझ्या छोट्या-छोट्या गोष्टी आठवतात. हे तर खास असेल?

आठवणं आणि पुढे विचारणं, यात फरक करा. लोकांच्या गोष्टी लक्षात ठेवणं हा लाघवी माणसाच्या धंद्याचाच भाग आहे. माझे बाबा दीडशे बायकांच्या मुलांची नावं सांगायचे, कुठली शाळा तेही.

पण एखाद्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येणं वेगळं असतं. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ साली याचा अभ्यास केला होता: जी माणसं समोरच्याच्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढतात ती जास्त आवडतात, आणि ठरवून घडवलेल्या छोट्या भेटींमध्येही अशांना पुन्हा भेटायला होकार जास्त मिळाला. मला ते दुसऱ्या बाजूने उपयोगी पडतं. पुढचा प्रश्न विचारायला ऐकावं लागतं, आणि ऐकताना स्वतः चमकता येत नाही. "बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का?" हे माझे बाबाही गिऱ्हाइकाला विचारतील. "तू म्हणत होतीस ते ड्रॉप घालून घेत नाहीत, मग आता कोण घालतं?" हे विचारायला मागच्या गुरुवारचं बोलणं डोक्यात घेऊन झोपावं लागतं. आणि तो विषय विनोदाला काही कामाचा नाही, तरी निघाला. हे नोंदीत लिहा.

व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच उत्तर देतो, रात्री एकपर्यंत बोलतो.

रात्री एकपर्यंत तो अजून किती जणांशी बोलतोय ते तुम्हाला दिसत नाही, त्यामुळे तुलनाच करता येत नाही. ज्या गोष्टीची तुलना होत नाही तिला नोंदीत घेऊ नका. फक्त एक बघा: बोलणं स्क्रीनवरून खाली उतरतं का? तीन महिने रोज चॅट, आणि फुटाळ्यावर अर्धा तास भेटायचं म्हटलं की दरवेळी काहीतरी निघतं, असं असेल तर त्याला चॅट आवडतंय. तुम्ही त्या चॅटचा छान भाग आहात, एवढंच.

मी जरा जास्तच अर्थ काढतोय का? की कमी? स्वतःवर विश्वासच राहिला नाही.

ठेवूही नका, निदान ह्या माणसाच्या बाबतीत. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी एक प्रयोग केला होता. अनोळखी विद्यार्थ्यांच्या जोड्या थोडा वेळ गप्पा मारायला बसवल्या आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं: तू फ्लर्ट करत होतास का, आणि समोरची करत होती का? कोणी फ्लर्ट करत नव्हतं तेव्हा दहापैकी आठांहून जास्त वेळा लोकांनी ते बरोबर ओळखलं. कोणी करत होतं तेव्हा मात्र शंभरातल्या साधारण २८ वेळाच कळलं. म्हणजे सामान्य माणसाबद्दल आपला कल 'नाही' म्हणण्याकडे असतो, आणि खरं ते निसटतं.

गोडबोल्यासमोर हा कल उलटा फिरतो. तिथे सगळंच फ्लर्टिंगसारखं दिसतं, मग आपण दर तासाला हो-नाही करत बसतो. आणि पोट्ट्यांनो, तुमच्यासाठी अजून एक. हेझलटन आणि बस ह्या दोघांनी २००० साली मांडलं होतं की स्त्रीच्या साध्या मोकळेपणात पुरुष रस आहे असं वाचायला जास्त प्रवण असतात. सगळे नाही, दरवेळी नाही. पण तुमचा तराजू ह्या बाजूला जरा झुकलेला असतो हे धरून चाला, आणि नोंदीतून एखादी जास्तीची ओळ खोडा.

ती माझ्याकडून कामं करून घेते, पण इतकी गोड बोलते की नाही म्हणवत नाही. तिच्या मनात काही असेल का?

एका मुलाने विचारलेला हा प्रश्न. तीन परीक्षांना गाडीवर सोडलं, प्रोजेक्टच्या फाइली बांधून आणल्या. दरवेळी "तू नसतास तर मी मेलेच असते रे!" मी विचारलं, तुझ्या कामासाठी ती कधी कुठे आली? बराच वेळ गप्प बसला. गोड शब्द एका दिशेने आणि पेट्रोल दुसऱ्या दिशेने, एवढंच चाललं असेल तर तो व्यवहार आहे. ती वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. तिने बहुधा आभार मानले, आणि ते मनापासून मानले.

मला हे कळतं कारण मी हे केलंय. कॉलेजात असताना एक मुलगा मृग बहाराची संत्री उतरली की काटोलहून माझ्यासाठी पिशवी भरून आणायचा. सलग दोन वर्षं. मी दरवेळी इतकं कौतुक करायची की त्या संत्र्यालाही लाज वाटावी. तिसऱ्या वर्षी पिशवी आली नाही, तेव्हा मैत्रिणीने सांगितलं की तो दोन वर्षं माझ्या एका वाक्याची वाट बघत होता. मला वाटायचं त्याच्या शेतात संत्री जास्त होतात.

मैत्रिणींना विचारू का?

तुमच्या मैत्रिणींना नको. त्या तुमच्या बाजूच्या आहेत, आणि त्यांना गोष्ट पुढे सरकायला हवी आहे. विचारायचंच तर त्याला पाच-सात वर्षांपासून ओळखणाऱ्या एखाद्या समंजस माणसाला, आणि प्रश्नही "त्याला मी आवडते का?" असा नाही. "हा आधीपासूनच असा आहे का रे?" एवढंच. ज्या सुरात हसून "अरे, लयच जुना आहे तो" येईल, त्यात बरंच कळेल.

जिमचा ट्रेनर, कॅफेतला मुलगा, पार्लरवाली, यांच्याबद्दल?

गोड बोलणं त्यांच्या पगारात आहे. कामाच्या जागेबाहेर, कामाशी संबंध नसताना त्यांनी स्वतःहून काही केलं तरच विचार करा. तोवर ते काउंटरचं हसू आहे, आणि ते काउंटरवरच सोडून यावं. बॉस गोड बोलत असेल तर ही सगळी पद्धत बाजूला ठेवा. तिथे प्रश्न त्याला तुम्ही आवडता का हा नसतोच, तुम्हाला 'नाही' म्हणता येईल का हा असतो.

नोंदीत एक-दोन गोष्टी उरल्या. आता?

आता विचारायचं. नोंद फक्त विचारणं योग्य आहे का इतकंच सांगते, उत्तर देत नाही. काही जण वर्षभर वही भरत बसतात. तीन आठवडे पुरे.

कसं विचारायचं हे गोडबोल्याच्या बाबतीत महत्त्वाचं आहे, कारण मोघम प्रश्नाला तो मोघम गोड उत्तर देईल, आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. "कधीतरी भेटू या" ला तो "अरे, कधीही! जान हाजिर है" म्हणणार. विनोदात विचारलंत तर विनोदातच उडेल. म्हणून दिवस, वेळ, जागा आणि 'आपण दोघंच' हे चारही वाक्यात हवं. "रविवारी सकाळी सातला अंबाझरीला फिरायला येतोस का? आपण दोघंच." तुमच्या बाजूने मस्करी शून्य.

उत्तरात 'हो' की 'नाही' याहून एक गोष्ट जास्त बोलकी असते: जमत नसेल तर तो दुसरी वेळ सुचवतो का. मेट्रोवाल्या मुलीने हेच विचारलं. तो म्हणाला, "रविवारी भावाकडे जेवण आहे, सकाळपासूनच जावं लागतं." तिचा चेहरा पडला. दोन सेकंदांनी तो म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी? साडेपाचला? ग्रुपमध्ये नको सांगू." ह्यात कुठेही गोड शब्द नव्हता. ते भेटले. अजूनही भेटतायत, पुढचं त्यांचं ते बघतील.

"बघू, सांगतो" आलं आणि आठवडाभर काही नाही आलं, तर ते उत्तर आहे. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारू नका. 'नाही' आलं तर तो दुसऱ्याच दिवशी पुन्हा तितकाच गोड बोलेल, आणि तुम्हाला वाटेल मन बदललं. बदललेलं नसतं. समोरचं कपाट सगळ्यांसाठी उघडंच असतं.

मीच तशी आहे. सगळ्यांशी मोकळं बोलते, सगळ्यांना वाटतं मी लाइन देते. आणि ज्याला खरंच सांगायचंय तो म्हणतो, "तू तर सगळ्यांनाच म्हणतेस." काय करू?

बाप्पा, ये, बस इथे.

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात. ईस्टविक, फिंकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण-तरुणींच्या चार-चार मिनिटांच्या ओळखभेटी ठेवल्या होत्या. ज्यांना एखादीच व्यक्ती आवडली, त्यांना ती आवड परत मिळायची शक्यता जास्त होती. ज्यांना जवळपास सगळेच आवडले, त्यांना मात्र लोक कमी पसंत करत. आणि हे समोरच्याला चार मिनिटांत जाणवत होतं. म्हणजे तो जे म्हणतोय, "तू तर सगळ्यांनाच म्हणतेस," तो रुसवा नाहीये. त्याने तुझी नोंदवही केली आहे आणि सगळं खोडून बसलाय.

त्यामुळे त्याच्यासाठी अजून गोड होऊन काही होणार नाही. गोडाची वरची मर्यादा तू आधीच गाठली आहेस. त्याच्यासमोर कमी कर. जे इतरांना देतेस ते त्याला देऊ नकोस: टोपणनाव नाही, टाळी नाही, "मेरी जान" नाही. आणि जे कोणालाच देत नाहीस ते दे. तुझ्यासारखीची सगळ्यात महाग वस्तू म्हणजे विनोदाशिवायचं, साधं, मागे पळायला जागा नसलेलं वाक्य.

मी माझ्या नवऱ्याला असंच सांगितलं, दुकानाच्या मागच्या खोलीत. बाबा बाहेर गिऱ्हाइकात होते. मी आदल्या रात्री ठरवलं होतं की हसायचं नाही, चिडवायचं नाही, एक ओळ बोलायची आणि गप्प बसायचं. बोलले. गप्प बसले. त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग काळजीने विचारलं, "काऊन, बरं नाही आहे का तुले?"